सोळा जूनचं व्याज: कर उशिरा भरला की घड्याळ नेमकं कसं चालतं

आगाऊ कराचा पहिला हप्ता 15 जूनला भरायचा असतो. तो 16 जूनला भरला तर एका दिवसाचं नाही, एका महिन्याचंही नाही, थेट तीन महिन्यांचं व्याज लागतं. आणि तोच हप्ता 10 जुलैला, 20 ऑगस्टला किंवा अगदी 15 सप्टेंबरला भरला तरी व्याज तेवढंच, तीन महिन्यांचं. एक दिवस चुकला काय आणि तीन महिने चुकले काय, किंमत एकच.

गेली बरीच वर्षं मी लोकांची विवरणपत्रं भरून देतो. हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास म्हणतो, "हा तर अन्याय आहे." मला तसं वाटत नाही, पण यात एक खोट नक्की आहे. ती खोट समजली की कर उशिरा भरल्यावर लागणाऱ्या व्याजाची आणि दंडाची सगळी रचना समजते. एका खऱ्या हिशेबावरूनच पाहू. आकडे तेवढे सोपे व्हावेत म्हणून थोडे इकडेतिकडे केले आहेत.

जुलै 2024 मध्ये पुण्यातल्या एक अनुवादक बाई माझ्याकडे आल्या. जर्मन यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करतात. बहुतेक ग्राहक परदेशातले, त्यामुळे टीडीएस फारसा कापला जात नाही. 2023-24 या आर्थिक वर्षात खर्च वजा जाता उत्पन्न 17 लाख 70 हजारांच्या आसपास. नव्या करप्रणालीने उपकरासह कर झाला साधारण 2,40,000 रुपये. इथल्या ग्राहकांनी 40,000 कापलेले होते. उरले 2,00,000. वर्षभरात आगाऊ कर म्हणून एक पैसाही भरलेला नव्हता. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "रिटर्न भरायची तारीख 31 जुलै आहे ना? मग मी वेळेतच आहे की."

रिटर्नपुरतं ते बरोबर होतं. करासाठी नाही. टीडीएस वजा जाऊन 10,000 रुपये किंवा त्याहून जास्त कर देणं असेल, तर तो वर्ष चालू असतानाच भरायचा असतो: 15 जूनपर्यंत 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत एकूण 45 टक्के, 15 डिसेंबरपर्यंत 75 टक्के आणि 15 मार्चपर्यंत पूर्ण. धंद्यातलं किंवा व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना यातून सूट आहे. अंदाजित नफ्याच्या योजनेत बसणाऱ्यांना 15 मार्चचा एकच हप्ता असतो. बाई दोन्हींत बसत नव्हत्या.

आता हप्ते चुकल्यावर व्याज लावणारं आयकर कायद्यातलं कलम 234सी पाहू. पहिल्या हप्त्यात 30,000 यायला हवे होते, आले शून्य. त्यावर दरमहा 1 टक्का, तीन महिने, म्हणजे 900 रुपये. सप्टेंबरपर्यंत 90,000 यायला हवे होते, त्यावर 3 टक्के म्हणजे 2,700. डिसेंबरपर्यंत 1,50,000, त्यावर 4,500. आणि 15 मार्चच्या 2,00,000 वर एका महिन्याचे 2,000. एकूण 10,100 रुपये.

हा आकडा ऐकून त्या म्हणाल्या, "एवढा दंड?" मी त्यांच्यासमोर कागदावर दुसरा हिशेब मांडला, तोच इथे मांडतो.

समजा त्यांनी सगळी रक्कम 15 मार्चला भरली असती. मग जून ते मार्च 30,000 रुपये नऊ महिने त्यांच्याकडे राहिले. सप्टेंबरला द्यायचे आणखी 60,000 सहा महिने राहिले. डिसेंबरचे 60,000 तीन महिने राहिले. रुपये गुणिले महिने असं केलं, तर 2,70,000 अधिक 3,60,000 अधिक 1,80,000, म्हणजे 8,10,000. त्यावर दरमहा 1 टक्का लावला की येतात 8,100 रुपये. आणि वरच्या हिशेबातले पहिले तीन आकडे, 900, 2,700 आणि 4,500, यांची बेरीजही 8,100 च होते.

म्हणजे हा दंड नाहीच. जेवढे पैसे जेवढा काळ त्यांच्याकडे राहिले, त्या काळाचं वर्षाला 12 टक्क्यांनी, व्याजावर व्याज न लावता काढलेलं सरळव्याज आहे. नोकरदाराचा कर दर महिन्याच्या पगारातून कापला जातो, त्याला पैसे हातात ठेवायची संधीच मिळत नाही. स्वतंत्र काम करणाऱ्याला ती मिळते. दोघांना एका पातळीवर आणायचं तर त्या संधीची किंमत वसूल करावी लागते. 234सी तेवढंच करतं.

मग 12 टक्केच का? हा दर बचत खात्यापेक्षा आणि मुदत ठेवीपेक्षा जास्त असायलाच हवा. बाईंनी तेच पैसे 3 टक्क्यांच्या बचत खात्यात ठेवले असते, तर त्या 8,10,000 रुपये-महिन्यांवर त्यांना साधारण 2,000 रुपये सुटले असते. 7 टक्क्यांच्या ठेवीत ठेवले असते, तर पावणेपाच हजारांच्या आसपास. सरकारचा दर 6 टक्के असता, तर कर न भरता ठेव करणं फायद्याचं ठरलं असतं आणि प्रत्येक शहाण्या माणसाने तेच केलं असतं. याच कारणाने दर कर्जाच्या दराच्याही फार खाली असून चालत नाही. बाजारात 16 टक्क्यांनी पैसे उचलणाऱ्या छोट्या कारखानदाराला 12 टक्क्यांची कराची थकबाकी म्हणजे वरवर पाहता स्वस्त कर्जच. त्याला ना तारण लागतं, ना बँक मॅनेजरची भेट.

इथे एक बारकी पण फार महत्त्वाची गोष्ट आहे. धंद्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज खर्च म्हणून नफ्यातून वजा होतं. आयकरावरचं व्याज वजा होत नाही. तीस टक्के कर भरणाऱ्या व्यावसायिकाला 17 टक्क्यांच्या कर्जाचा खरा भार 12 टक्क्यांच्या किंचित खालीच पडतो. म्हणजे कागदावर 12 टक्के दिसणारा सरकारचा दर त्याच्यासाठी 17 टक्क्यांच्या कर्जाइतका महाग आहे. दरावर हात न लावता त्याची धार वाढवणारी ही रचना मला या सगळ्या कायद्यातली सगळ्यात विचारपूर्वक केलेली वाटते. पगारदाराच्या वैयक्तिक कर्जाचं व्याज मात्र वजा होत नाही, म्हणून त्याच्यासाठी 12 म्हणजे 12 च.

हा दर नेहमी इतका नव्हता. 1989 मध्ये हे कलम आलं तेव्हा तो महिन्याला दीड टक्का होता. 2001 मध्ये तो सव्वावर आला आणि सप्टेंबर 2003 मध्ये एकवर. त्यानंतर तो तिथेच थांबला, बाजारातले दर मात्र खाली-वर होत राहिले. मे 2020 मध्ये रेपो दर 4 टक्के झाला, तेव्हा 12 टक्के ही चांगलीच जड शिक्षा होती. कोविडच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या देण्यांसाठी तो तात्पुरता महिन्याला पाऊण टक्का केला होता. ब्रिटनमध्ये हा दर मध्यवर्ती बँकेच्या दराला बांधलेला आहे, बाजार हलला की तोही आपोआप हलतो. आपला दर स्थिर आहे. त्यामुळे तो लक्षात राहतो, हिशेबाला सोपा जातो, पण कधी फार कडक तर कधी फार मऊ पडतो.

आता पहिल्या परिच्छेदातली खोट. 234सी तिमाहीचं गणित करतं, रोजचं नाही. 15 जून चुकला की तीन महिन्यांचं व्याज लागून मोकळं होतं. त्यानंतर 15 सप्टेंबरपर्यंत पैसे भरण्यात करदात्याचा काहीही फायदा नसतो. सरकारला पैसे लवकर हवेत, पण लवकर भरणाऱ्याला त्याचं काही मिळत नाही. तसंच 16 मार्च ते 31 मार्चचं. 15 मार्च हुकला की 1 टक्का लागला. तो 16 ला भरा नाहीतर 31 ला, फरक पडत नाही. जीएसटीमध्ये 18 टक्के वार्षिक व्याज दिवसांवर मोजतात, तिथे असा मोकळा पट्टा राहत नाही. आज भरलं की उद्याचं व्याज वाचतं. माझ्या मते आयकरातही तसंच असायला हवं. महिना मोजायची पद्धत हाताने हिशेब करायच्या काळातली आहे, आता सगळं संगणकच मोजतो.

31 मार्च गेला की दुसरं घड्याळ सुरू होतं, कलम 234बी. वर्षाच्या अखेरीपर्यंत देय कराच्या निदान 90 टक्के रक्कम आली नसेल, तर 1 एप्रिलपासून भरेपर्यंत दरमहा 1 टक्का. महिन्याचा एक दिवस लागला तरी तो पूर्ण महिना धरतात. बाईंनी 31 जुलैला पैसे भरले तर एप्रिल, मे, जून, जुलै असे चार महिने, म्हणजे 8,000 रुपये. आधीचे 10,100 मिळवून एकूण व्याज 18,100.

"आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भरलं तर?" त्यांनी विचारलं. एका ग्राहकाचे पैसे यायचे होते.

पाच ऑगस्टला कर आणि रिटर्न दोन्ही भरलं असतं तर 234बी पाच महिन्यांचं होऊन 10,000 झालं असतं. शिवाय तिसरं घड्याळ, 234ए, रिटर्न उशिरा भरल्याचं, एका महिन्याचे 2,000. आणि कलम 234एफ खाली 5,000 रुपये विलंब शुल्क. एकूण 27,100. म्हणजे पाच दिवसांसाठी 9,000 रुपये, दोन लाखांवर साडेचार टक्के.

इथे 1 टक्का दोनदा का लागतो, हा प्रश्न रास्त आहे. ज्याने कर भरला नाही पण रिटर्न भरलं, त्याच्याकडून किती येणं आहे हे सरकारला माहीत असतं. वसुली फक्त वेळेची गोष्ट असते. ज्याने दोन्ही केलं नाही, त्याच्याबाबत येणं आहे हेच माहीत नसतं, त्याला शोधावं लागतं. या अंधारात राहण्याची किंमत म्हणून दुसरा टक्का. पाच हजारांचं शुल्क मात्र कर किती आहे यावर ठरत नाही, कारण न आलेलं विवरणपत्र शोधायचा आणि हाताळायचा खर्च साधारण सारखाच असतो. उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर ते 1,000 आहे.

यातली एक फट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पैसे 31 जुलैच्या आत भरले, पण रिटर्न काही कारणाने राहिलं, तर 234ए लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये डॉ. प्रणय रॉय यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. कर आधीच आलेला असेल तर व्याज कशाचं, असा त्यामागचा विचार. 2015 मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून ते मान्य केलं. म्हणून कागदपत्रं अपुरी असतील तेव्हा मी सांगतो, आधी अंदाजाने कराचं चलन भरा, रिटर्न मागून येऊ दे. बाईंनी तसं केलं असतं तर 5 ऑगस्टला रिटर्न भरूनही 27,100 ऐवजी 23,100 लागले असते.

अखेर त्यांनी घरातून पैसे उभे केले आणि 30 जुलैला चलन भरायला बसल्या. तिथेही एक चूक होता होता राहिली. त्या फक्त 2,00,000 भरणार होत्या, "व्याजाचं ते नंतर मागतील तेव्हा बघू" म्हणून. रिटर्नबरोबर भरलेली रक्कम कमी पडली, तर ती आधी शुल्काला, मग व्याजाला आणि उरलेली कराला धरली जाते. म्हणजे त्यांच्या दोन लाखांतून 18,100 व्याजात गेले असते, कराचे 18,100 बाकी दिसले असते आणि त्या बाकीवर घड्याळ चालूच राहिलं असतं. काही महिन्यांनी कलम 143(1) ची इंटिमेशन येते, तिच्यात दोन रकाने असतात: तुम्ही दाखवलेलं आणि खात्याने मोजलेलं. 234ए, बी, सीच्या ओळींत दोन्ही आकडे सारखे आहेत का, ते आधी पाहावं. फरकाची मागणी आली की भरायला 30 दिवस मिळतात, त्यानंतर कलम 220 खाली पुन्हा दरमहा 1 टक्का सुरू. दुसरी नेहमीची चूक म्हणजे चलनावर चुकीचं करनिर्धारण वर्ष निवडणं. पैसे भरलेले असतात, पण दुसऱ्याच वर्षाच्या खात्यात जमा दिसतात, आणि या वर्षाचं व्याज वाढत राहतं. चलन भरल्यावर आठवड्याभरात आयकर पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडून रक्कम कुठल्या वर्षात पडली ते पाहिलं की हे लगेच कळतं.

"साहेबांना विनंती केली तर व्याज माफ होईल का?" हाही त्यांचा प्रश्न होता. साध्या प्रकरणात नाही. 2001 मध्ये अंजुम घासवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही तीन व्याजं लावणं बंधनकारक आहे. मंडळाने आखून दिलेल्या मोजक्या परिस्थितींपलीकडे सूट नाही. हे कठोर वाटतं, पण व्याज ही शिक्षा नसेल तर दोष होता की नव्हता हा प्रश्नच उरत नाही. पैसे उशिरा आले, त्याचं भाडं द्यायचं. घरभाडं उशिरा देताना हेतू विचारला जात नाही, तसंच.

दंडाचं तसं नाही, आणि इथून गणित पूर्ण बदलतं.

बाईंनी उत्पन्न दाखवलं होतं, फक्त पैसे उशिरा दिले. त्या पकडल्या जाणार हे शंभर टक्के ठरलेलं होतं, कारण त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. अशा वेळी काळाची किंमत वसूल केली की पुरते. पण समजा, परदेशातल्या एका ग्राहकाचे पैसे त्यांनी दाखवलेच नसते. ते सापडतील की नाही हे नक्की नाही. सापडले नाहीत तर सगळा कर वाचला. सापडले आणि फक्त व्याज लागलं, तर लपवून पाहण्यात काहीच धोका नाही. म्हणून सापडण्याची शक्यता जितकी कमी, तितका दंड मोठा लागतो.

कलम 270ए खाली उत्पन्न कमी दाखवल्यास त्यावरच्या कराच्या 50 टक्के दंड आहे, आणि खोटी माहिती देऊन कमी दाखवल्यास 200 टक्के. दुसरा आकडा घ्या. लपवलेला कर 30,000 असेल आणि सापडला, तर कर 30,000 आणि दंड 60,000, मिळून 90,000. तीनपैकी एकदाच सापडत असेल, तर सरासरी खर्च पडतो बरोबर 30,000, म्हणजे प्रामाणिकपणे भरला असता तेवढाच. शक्यता तिनात एकापेक्षा जास्त असेल तर लपवणं तोट्यात जातं, कमी असेल तर 200 टक्केही अपुरे. 50 टक्क्यांच्या दंडाला हेच गणित लावलं तर तीनपैकी दोनदा तरी सापडायला हवं. म्हणूनच परदेशी व्यवहार, ठेवी, शेअर, मालमत्ता यांची माहिती बँका आणि नोंदणी कार्यालयांकडून खात्याकडे आपोआप जाऊ लागली, ही गोष्ट दंडाचा दर वाढवण्यापेक्षा कितीतरी परिणामकारक आहे. शक्यता वाढली की तोच दंड पुरतो.

मग दंड हजार टक्के का करत नाहीत? कारण पकडणाऱ्याचीही चूक होते. कायद्याचा अर्थ दोघांनी वेगळा लावला, हिशेबनिसाने आकडा चुकीचा टाकला, अशा माणसावर हजार टक्के पडले तर तो उद्ध्वस्त होईल. दंड जितका मोठा, तितकी तो टाळण्यासाठी लाच देण्याची आणि मागण्याची ओढही मोठी. आणि ज्याच्याकडे द्यायला पैसेच नाहीत, त्याला मोठ्या आकड्याची भीती वाटत नाही. त्यामुळे दंडाआधी नोटीस द्यावी लागते, म्हणणं ऐकावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये हिंदुस्तान स्टीलच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे की दंड लावायचा अधिकार आहे एवढ्यावरून तो लावू नये. जाणूनबुजून कायदा मोडला की केवळ तांत्रिक चूक झाली, हे पाहावं लागतं.

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी गोष्ट आहे, ती टीडीएसची. कर कापलाच नाही तर महिन्याला 1 टक्का व्याज, पण कापून स्वतःकडे ठेवला तर दीड टक्का. पहिल्यात चूक आहे, दुसऱ्यात दुसऱ्याचे पैसे खिशात ठेवले आहेत. त्या अर्ध्या टक्क्यात तेवढाच भेद मोजला आहे. आणि उलट्या दिशेला, सरकारकडे तुमचे पैसे जास्त गेले तर परताव्यावर महिन्याला अर्धा टक्काच मिळतो, तोही करपात्र. अनेकांना ही असमानता खटकते. मलाही 6 टक्के कमी वाटतात. पण दोन्हीकडे 12 ठेवता येणार नाहीत. तसं केलं तर ज्यांच्याकडे मोकळे पैसे आहेत ते मुद्दाम जास्त कर भरून ठेवतील, आणि सरकार ही देशातली सगळ्यात चांगली मुदत ठेव होऊन बसेल.

1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू झाला, त्यात या कलमांचे क्रमांक बदलले आहेत. वरचे क्रमांक आणि आकडे 1961 च्या कायद्याप्रमाणे, त्या वर्षाचे आहेत.

बाईंनी 30 जुलैला 2,18,100 भरले आणि त्याच संध्याकाळी रिटर्नही गेलं. उठताना त्यांनी विचारलं, "म्हणजे चालू वर्षाचा 15 जूनसुद्धा गेलाच की माझा. आता उद्याच भरून टाकू का तो हप्ता?" कर गेल्या वर्षाइतकाच धरला तर 30,000 वर 900 रुपये केव्हाच लागून गेले होते. मी त्यांना म्हटलं, ते 900 आता वाचणार नाहीत. घाईने भरून काही मिळणार नाही, पैसे बँकेत राहू द्या. फक्त 15 सप्टेंबरला 90,000 एकदम लागतील. तोवर हातात 90,000 नाही जमले तरी निदान 72,000 भरा. दुसऱ्या हप्त्याला 36 टक्क्यांपर्यंत आले असतील तर उरलेल्यावर व्याज लागत नाही. त्यांनी तिथेच फोन काढला आणि 12 सप्टेंबरचा गजर लावला.